कोऱ्या लेटरहेडवर सही घेऊन गावात लॅब चालवता येईल का?

"वकील साहेब, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, डीएमएलटी झालंय, चिपळूणला लॅबमध्ये होते, आता आईसाठी गुहागर तालुक्यात गावी आलेय. लॅब टाकायला पैसे नाहीत. घरात सेमी-ऑटो मशीन ठेवून शुगर, क्रिएटिनिन करायचा विचार आहे. शहरातले एक डॉक्टर म्हणाले, महिन्याचे ठरवून पैसे द्या, लेटरहेडवर सह्या करून देतो. लोक बीपी, शुगर बघायला आणि इंजेक्शन द्यायलाही बोलावतात. यातलं काय करू?"

ताई, लेटरहेडचं आधी डोक्यातून काढा. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केलंय की लॅब रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पोस्ट ग्रॅज्युएट असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. डॉक्टर खरंच एमडी पॅथॉलॉजी असले तरी कोऱ्या कागदावर आधीच सही म्हणजे रिपोर्ट त्यांनी बघितलेलाच नाही. उद्या एखाद्याचं क्रिएटिनिन चुकीचं आलं, त्यावरून औषध बदललं आणि माणूस दगावला तर डॉक्टर सरळ म्हणतील की हा कागद माझ्याकडून गेलाच नाही, आणि मशीन, रक्त, प्रिंट सगळं तुमच्या पडवीत सापडणार.

म्हणून विकायचं काय ते आधी ठरवा. रिपोर्ट विकू नका, सॅम्पल घेण्याचं कसब विका. पॅथॉलॉजिस्ट असलेल्या लॅबशी लेखी करार करा, वाडीवाडीतून रक्त घेऊन त्यांच्याकडे पोचवा, तपासणी आणि रिपोर्ट त्यांचे, पेशंटला तपासणीचं बिलही त्यांचंच, तुम्ही फक्त कलेक्शन चार्ज घ्यायचा आणि त्याची पावती द्यायची. पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी करून ठेवा. शॉप ॲक्टला मोजकेच कामगार असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते.

करार स्टॅम्प पेपरवर दोन पानांचा पुरे, पण सॅम्पल कुठवर तुमची जबाबदारी आणि कुठून लॅबची हे त्यात हवंच. का, ते सांगतो. समजा एका आजीचं उपाशीपोटीचं रक्त तुम्ही पावणेसातला घेतलं, साध्या ट्यूबमध्ये, आणि एसटीने पोचवेपर्यंत साडेदहा झाले. सीरम वेगळं न करता रक्त तसंच ठेवलं तर पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के घट. म्हणजे खरी 130 असलेली शुगर 100 ते 105 च्या आसपास दिसते आणि डायबेटिस असलेल्या आजीला डायबेटिस नाही असं ठरतं! उन्हाळ्यात अजूनच बिघडतं. त्यामुळे शुगरला फ्लोराइडची ग्रे ट्यूब, आइस पॅकची पेटी, पेशंटसमोरच लेबल (नाव, वय, घेतल्याची वेळ), आणि लॅबमध्ये दिल्याची वेळ लिहून त्यांची सही असलेलं रजिस्टर. भांडण झालं की कोर्टात हे रजिस्टर बोलतं, तुमची आठवण नाही. फेऱ्या किती करायच्या ते या वेळेवरून ठरवा, गिऱ्हाइकावरून नाही.

सुईचं विसरू नका. बायोमेडिकल वेस्टचे 2016 चे नियम छोट्यालाही लागू आहेत. वापरलेली सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, आणि तो कचरा लॅब स्वीकारेल असं करारात लिहून घ्या. परसात जाळलं किंवा खाडीत टाकलं तर शेजारीच तक्रार करतील, गावात लपत काही नाही हे तुम्हाला मी काय सांगणार.

बीपी आणि ग्लुकोमीटरची शुगर बघायला हरकत दिसत नाही, फक्त आकडा आणि वेळ पेशंटच्या वहीत लिहून द्या, पुढे एक शब्द नको. "गोळी अर्धी करा", "याला प्रेशर आहे" असं बोललात की ती डॉक्टरकी झाली, आणि महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट 1961 च्या कलम 33 खाली पहिल्याच गुन्ह्याला किमान दोन वर्षं शिक्षा आहे. आकडा जास्त वाटला तर "आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा" इतकंच. इंजेक्शन आणि सलाईन माझ्या मते घेऊच नका, तुमचं शिक्षण ते नाही, आणि रिॲक्शन आली तर वाडीत दोन मिनिटांत कोण येणार? गोळ्या पिशवीत ठेवून विकणंही नको, त्याला औषध विक्रीचं लायसन्स लागतं.

बाकी एक, गावातला डॉक्टर पेशंट पाठवतो म्हणून कट मागेल. डॉक्टरांना असं कमिशन घ्यायला त्यांच्याच नियमांनी मनाई आहे, तेव्हा देऊही नका. त्या लेटरहेडवाल्या डॉक्टरांना नकार फोनवर नको, लेखी मेसेज करा, आणि सह्या केलेले कागद घरी आणलेच असतील तर मोजून परत देऊन पोच घ्या.