डॉलर गेला की रुपयाही जातो

आमचे टेरी टॉवेल दुबईला जातात. बँक डॉलर घेते आणि खात्यात रुपये टाकते. हे रुपये नवे तयार झालेले असतात का?
– निर्यातदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

प्रत्येक वेळी नाही. तुमच्या बँकेने ते डॉलर सूत किंवा यंत्रे आयात करणाऱ्याला विकले, तर त्याच्या खात्यातले रुपये तुमच्या खात्यात आले, एवढेच झाले. रुपये नव्याने तयार होतात ते डॉलर मध्यवर्ती बँक विकत घेते तेव्हा.

समजा, एका देशाने डॉलरचा दर 80 रुपयांवर बांधला आहे. तुमचे 10 लाख डॉलर आले आणि बाजारात गिऱ्हाईक नाही. दर 80 च्या खाली घसरू द्यायचा नसेल, तर मध्यवर्ती बँकेला ते घ्यावेच लागतात. तिच्या ताळेबंदात एका बाजूला 8 कोटींचा परकीय चलनसाठा वाढतो आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या बँकेच्या नावे 8 कोटी रुपये जमा होतात. हे रुपये कोणाच्याच खात्यातून आलेले नसतात. त्यांना मूळ पैसा म्हणू. चलनातल्या नोटा आणि बँकांच्या मध्यवर्ती बँकेतल्या ठेवी मिळून तो होतो. बँका त्याच्या आधारावर कर्जे देतात, म्हणून एकूण पैसा त्याच्या काही पट असतो. आयातदार डॉलर मागतो तेव्हा हेच उलट घडते आणि त्याने भरलेले रुपये चलनातून नाहीसे होतात.

परकीय व्यवहारातली तूट म्हणजे आयात जास्त, निर्यात कमी. मग अभ्यासक्रमात तिला पैशाचा प्रश्न का म्हटले आहे?
– एम.ए.ची विद्यार्थिनी, सोलापूर

कारण मध्यवर्ती बँकेचा साठा ज्या तुटीमुळे घटतो, तिचे मूळ बहुतेक वेळा देशातल्या कर्जवाटपात सापडते. त्याच देशाचा ताळेबंद घ्या. साठा 400 कोटी रुपयांचा आणि सरकारला व बँकांना दिलेले कर्ज 600 कोटींचे, म्हणून मूळ पैसा 1000 कोटी. लोकांना व्यवहारासाठी जेवढा पैसा जवळ ठेवायचा आहे, तो एवढ्यात भागतो.

आता मध्यवर्ती बँकेने सरकारला आणखी 100 कोटी दिले. मूळ पैसा 1100 कोटी झाला, पण लोकांची गरज वाढलेली नाही. उत्पन्न तेवढेच आहे, भाव जगाच्या बाजारात ठरतात आणि व्याजदरही बाहेरच्या दराशी बांधलेला आहे. मग जास्तीचा पैसा खर्चात उतरतो. कोणी परदेशी माल घेतो, कोणी परदेशात गुंतवतो. दोघांनाही डॉलर लागतात. मध्यवर्ती बँक ते 80 ने विकत राहते, आणि 100 कोटी परत आल्यावरच मागणी थांबते. शेवटी साठा 300, कर्ज 700 आणि मूळ पैसा पुन्हा 1000. पैसा जिथे होता तिथेच राहिला आणि साठा मात्र 100 कोटींनी घटला.

दर बांधलेला असताना एकूण पैसा किती, हे लोकांची मागणी ठरवते. मध्यवर्ती बँकेच्या हाती फक्त त्यातला कर्जाचा वाटा असतो. प्रत्यक्षात हे एका झटक्यात होत नाही आणि हिशेब रुपयाला रुपया जुळतोच असेही नाही, कारण पैशाची मागणी इतकी स्थिर नसते.

गेलेले रुपये मध्यवर्ती बँकेने रोखे विकत घेऊन पुन्हा बाजारात सोडले तर काय बिघडले?
– कापड व्यापारी, चाटी गल्ली

याला स्टरिलायझेशन म्हणतात, आणि माझ्या मते स्थिर दराच्या देशांचा घात सर्वांत जास्त यानेच होतो. रुपये आटणे हाच तुटीवरचा आपोआप होणारा उपाय आहे. ते पुन्हा ओतले की डॉलरची मागणी पुन्हा उभी राहते आणि साठा झिरपत राहतो. थायलंडने आपले चलन बाट वाचवताना डॉलर विकले आणि स्वॅप करून, म्हणजे आज बाट देऊन डॉलर घ्यायचे व ते पुढे परत करायचे असे सौदे करून, बाटची चणचण भासू दिली नाही. वापरण्याजोगा साठा जवळजवळ संपला, आणि 2 जुलै 1997 ला दर सोडून द्यावा लागला.

हाँगकाँगने उलट केले. तिथला दर 1983 पासून अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे. हल्लीचा पट्टा 7.75 ते 7.85 चा. मे 2022 मध्ये दर 7.85 ला टेकला, तेव्हा चलन प्राधिकरणाने अमेरिकी डॉलर विकून स्वतःचे चलन उचलायला सुरुवात केली. बँकांची तिथली शिल्लक सुमारे 338 अब्ज हाँगकाँग डॉलरवरून वर्षभरात सुमारे 45 अब्जांवर आली. ती भरून काढली गेली नाही. महिन्याच्या मुदतीचा आंतरबँक व्याजदर अर्ध्या टक्क्याखालून चार टक्क्यांच्या वर गेला. किंमत कर्जदारांनी मोजली, पण दर टिकला.

शुक्रवारी गंगाजळी घटल्याची बातमी येते. म्हणजे आपल्याकडचे रुपयेही तेवढे घटले का?
– निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर

तेवढे नाही. आपला दर बांधलेला नाही, रिझर्व्ह बँक स्वतःच्या निर्णयाने डॉलर घेते किंवा विकते. शिवाय साठ्यात युरो, पौंड, येन आणि सोनेही असते. युरो घसरला की डॉलरमधला आकडा उतरतो, पण त्यामुळे कोणाच्याही खात्यातून रुपया जात नाही. रुपयांवर परिणाम होतो तो खऱ्या खरेदी-विक्रीचा. तिचा आकडा रिझर्व्ह बँकेच्या मासिक बुलेटिनमध्ये डॉलरच्या खरेदी-विक्रीच्या तक्त्यात मिळेल. त्याच महिन्यात बँकेने रोखे घेतले का, हेही शेजारी ठेवून पाहा.