दोन आवाजांच्या कवितेबद्दल

प्रिय मुली,

तुझी आई-मुलीची कविता वाचली. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलं आहेस की कोण बोलतंय ते कळत नाही, तर प्रत्येक कडव्यापुढे ‘आई’ आणि ‘मुलगी’ असं लिहू का? लिहू नकोस. नावं घातलीस की दोष झाकला जाईल, जाणार नाही.

एक कर. कडवी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरव, त्यांचा क्रम बदल आणि पुन्हा वाच. मी करून पाहिलं. तिसरं कडवं सहाव्याच्या जागी गेलं तरी काही बिघडत नाही. आई म्हणते, तुझ्या पावलांचे ठसे अंगणात शोधते. मुलगी म्हणते, शहराच्या गर्दीत मी हरवले. दोघी आपापलं दुःख सांगतात, एकमेकींचं ऐकत नाहीत. ही दोन स्वगतं आहेत, फक्त कापून आलटूनपालटून लावलेली. पुढच्या कडव्यात मागचं ऐकलेलं दिसलं पाहिजे. बाकी सगळं नंतर.

भोंडल्यातलं कारल्याच्या वेलाचं गाणं तू लहानपणी म्हटलं असशील. सून माहेरी जायचं म्हणते, सासू म्हणते आधी वेल लाव. सून वेल लावून येते आणि सासूचेच शब्द तिला परत करते. ‘लाव’चं फक्त ‘लावला’ होतं. मग सासू पुढची अट घालते. तिथे एकही कडवं हलवता येत नाही. कोण बोलतंय हे लहान पोरीलाही कळतं, कारण एक आज्ञा देते आणि दुसरी ती पुरी करून दाखवते. गाणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना आपण ‘लोकगीत’ म्हणून बाजूला ठेवतो आणि कवितेच्या शिबिरांना जातो, याचा मला राग येतो.

आता तुझ्या कवितेकडे. आई कोकणात आहे, आंब्याची झाडं आहेत, मुलगी पुण्यात नोकरी करते. एवढं हाताशी असताना ठसे कशाला शोधतेस? असं बघ:

मोहोर चांगला आलाय यंदा.
तुडतुडा पडलाय पण.

आई, मला सुट्टी नाही.

सुट्टीचं कोण बोललं?
फवारणीला माणूस मिळेना, एवढंच.

शिडीवर तू चढू नकोस हं.

शिडी तुझ्या बाबांनी बांधलेली आहे.
मोडायची नाही.

ही काही मोठी कविता नाही, कच्ची मांडणी आहे. पण मुलीचं पहिलं उत्तर बघ. आईने तिला बोलावलेलंच नाही, तरी तिला बोलावणं ऐकू आलं. आईनेही ते ऐकलं आणि नाकारलं. ‘शिडी’ हा शब्द मुलीने आणला, तो उचलून आई बाबांपर्यंत गेली. ऐकलेलं म्हणजे हे. उत्तर सरळ नको. चुकीचं ऐकलेलं चालेल, मुद्दाम टाळलेलं चालेल, पण ऐकलेलं हवं.

आई आणि मुलगा असते तर ‘येते’ आणि ‘येतो’ यावरूनच माणूस कळलं असतं. मराठी क्रियापद ते काम फुकट करतं. तुझ्या दोघी बायका आहेत, म्हणून तुला ही सोय नाही. मग फरक बोलण्याच्या रीतीत आण. आई झाडाबद्दल बोलते तेव्हा मुलीबद्दल बोलते, तिच्या तोंडी ‘मला’ क्वचितच यावं. मुलीच्या तोंडी ‘मला’ आणि ‘नाही’ सारखं यावं. एकीला अष्टाक्षरी आणि दुसरीला मुक्तछंद द्यायचा मोह तुला होईल. तो तूर्तास आवर. छंद वेगळा केल्याने बाई वेगळी होत नाही. आणि एकमेकींचे शब्द उचलायचे तर सुरुवातीला दोघींची ओळ सारख्या चालीची असलेली बरी.

एका संपादकांनी मलाही अशीच नावं घालायला सांगितली होती. मी कविता परत घेतली. ती पुढे कुठेच छापून आली नाही. ती कुणी वाचली नाही याचं मला वाईट वाटतं, आजही वाटतं. पण नावं घातली असती तर वाचणाऱ्याने कान लावलाच नसता. त्याने डावीकडची पाटी वाचली असती. अशा कवितेत वाचणाऱ्यालाही ऐकावं लागतं, आणि ते काम त्याच्याकडून काढून घ्यायला मी आजही तयार नाही. तूही होऊ नकोस.

शेवटच्या कडव्यात तुझ्या दोघी एकदम म्हणतात की आपण एकच आहोत. तिथे मी कागद खाली ठेवला. सात कडवी तू त्यांना दोन ठेवलंस आणि आठव्यात भांडण मिटवायची घाई केलीस. ते तुझं मन आहे, त्यांचं नाही. फोन आईने ठेवायचा की मुलीने, एवढंच ठरव. मला वाटतं मुलीने काहीतरी विचारावं आणि आईने दुसऱ्याच गोष्टीचं उत्तर द्यावं. पण ते मुलीच्याच एखाद्या शब्दाला धरून.

आठवं कडवं काढून, नावं न घालता पाठव. वाद घालायचा असेल तर जरूर घाल, पण आधी काढ.