‘भारी धुतलंस!’ आणि तरी परत आलं

मॅडम, मी सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला चित्रपट समीक्षक व्हायचंय. यंत्रमाग कामगाराच्या घरावरच्या एका मराठी चित्रपटाचं परीक्षण सोबत जोडलंय. मैत्रिणी म्हणाल्या, ‘भारी धुतलंस!’ पण एका पुरवणीच्या संपादकांनी ‘यात निकाल कुठाय?’ असं विचारून परत पाठवलं. काय चुकलं?

तुझं परीक्षण दोनदा वाचलं. हसू आलं, तरी मी संपादकांच्या बाजूची आहे. चार परिच्छेद टोमणे आणि शेवटी ‘एकदा पाहायला हरकत नाही’! एवढी हरकत घेतल्यावर हरकत नाही कशी? टोमणा मारला की मत दिल्यासारखं वाटतं, म्हणून खरं मत द्यायचं राहून जातं.

तुझंच वाक्य घे: ‘दिग्दर्शकाला सोलापूर म्हणजे फक्त चादर एवढंच ठाऊक.’ हे वाक्य खोडून बघ. वाचकाला चित्रपटाबद्दल काही कमी कळलं का? नाही ना? मग ते जाऊ दे. मात्र त्यामागे तुला काहीतरी खटकलंय, ते शोध. मागे पाचव्या ओळीत तूच लिहिलंयस की बाप बंद मागासमोर बसतो आणि लगेच व्हायोलिन सुरू होतं. सापडलं! आता असं लिही: ‘आयुष्यभर खटखट ऐकलेल्या माणसाला ती शांतता कशी वाटते, हे या प्रसंगात दिसायला हवं होतं. पण दिग्दर्शक शांततेला वेळच देत नाही. संगीत आधीच सांगून टाकतं की रडायचंय.’ हे टोमण्यापेक्षा जास्त लागतं, आणि दिग्दर्शकाला त्यावर तुझ्याशी वादही घालता येतो.

आणखी एक. बापाचं काम करणारा नट ‘भाषण ठोकतो’ म्हणतेस. भाषण लिहिलंय संवादलेखकानं. नट बोलत नसतो तेव्हा कसा वावरतो ते आठव. तू स्वतःच त्याच्या सूत सांधणाऱ्या बोटांचं कौतुक केलंयस. चूक ज्याची त्याच्याच नावावर टाक.

निकाल लिहिण्याआधी चित्रपटाला काय करायचं होतं, ते एका ओळीत मांड. इथे संपात घर मोडण्याची गोष्ट सांगायची होती; त्यात विनोद नाही ही तक्रार गैरलागू. मग जमलं का, किती, कुणासाठी, हे स्पष्ट सांग. तुझ्या टिपणांवरून मला निकाल असा दिसतो: ‘मध्यंतरापर्यंत चित्रपट घट्ट विणलेला आहे, पण नंतर तो उसवतो. बापाच्या भूमिकेसाठी पाहावा. संपाची गोष्ट समजून घ्यायला जाणाऱ्याची निराशा होईल.’ यात ‘पण’ आहे, पळवाट नाही. तुझं मत वेगळं असेल तर वेगळं लिही, फक्त शेवटची निकालाची वाक्यं झाकून मैत्रिणीला वाचायला दे. तिला निकाल ओळखता आला नाही, तर वरचे परिच्छेद त्याला आधार देत नाहीत.

कथानक सहाशे शब्दांत दीडशेच्या वर नको, आणि मध्यंतरानंतरचं तर जपूनच.

नुसत्या परीक्षणांवर घर चालत नाही, हेही सांगते. पुरवणीत बातमी, मुलाखत, मुद्रितशोधन असं सगळं करत हे काम मिळतं. पुण्याला चित्रपट रसास्वादाचे छोटे अभ्यासक्रम होतात, पण त्याआधी हाच चित्रपट पुन्हा बघून ये. यावेळी अंधारात वाक्यं जुळवू नकोस. वहीत फक्त प्रसंग टिप.