सगळे डोळे एका मापाचे कसे येतील?

"परभणीहून. दिवाळीच्या कार्डांना क्विलिंगची किनार करतेय, पहिल्यांदाच. कागदाच्या पट्ट्या गुंडाळून, दोन्हीकडून चिमटून डोळे करते, पण पट्ट्या सारख्याच लांबीच्या घेतल्या तरी एक डोळा मोठा, एक बारका होतोय. मधला भाग पण ओढला जातो."

ताई, पट्टी सारखी असली तरी गुंडाळी हातातून सोडल्यावर किती उलगडू द्यायची हे आपण अंदाजाने ठरवतो, फरक तिथंच पडतो. त्यासाठी कंपासपेटीतली वर्तुळांची पट्टी काढा. गुंडाळून झालं की वेटोळं तिच्या 12 मिमीच्या भोकात सोडा. ते भोकाच्या कडेला टेकेपर्यंत सुटतं आणि थांबतं. मग बाहेर काढून टोकाला टूथपिकच्या अणीवर मावेल एवढाच फेविकॉल लावा. जास्त लावला तर आतले वेढे चिकटतात आणि सुकल्यावर चकाकणारा डाग दिसतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत डिंकावर लगेच साय धरते, म्हणून झाकणात एका वेळी थेंबभरच घ्या.

मधला भाग ओढला जातो तो पट्टी गुंडाळायची सुई सरळ उपसल्यामुळे. आधी ती अर्धा वेढा उलटी फिरवा, पकड सुटली की अलगद काढा.

कागद झेरॉक्सचा असेल तर बदला. 80 जीएसएमच्या पट्टीला दिलेला आकार ढिला पडतो, 120 चा टिकतो. कार्डाला 3 मिमी रुंदी पुरे. महालक्ष्म्यांच्या मखराला टांगायचे दागिने करायचे असतील तर 5 मिमी घ्या, ते हाताळताना दबत नाहीत.

आता तुमची किनार. कार्डाची बाजू 10 सेमी धरू. ए-फोरच्या लांबीची पट्टी मधोमध दुमडा आणि फाडा, कापू नका. फाटलेलं टोक विरळ असल्यानं जोड दिसत नाही. अर्ध्या पट्टीचं वेटोळं वरच्यासारखं करा आणि समोरासमोरच्या दोन्ही बाजू एकदमच चिमटा. एक बाजू आधी दाबून मग दुसरी दाबली की मधला भाग सरकतो आणि डोळा तिरळा होतो. एकच बाजू चिमटली तर थेंब होतो, म्हणजे पणतीची ज्योत.

पहिला डोळा मोजा. समजा तो 15 मिमी भरला. दोन्ही टोकांना 5 मिमी सोडले की 90 मिमी उरतात, म्हणजे सहा डोळे टोकाला टोक लावून बसतात. त्यांच्या पाच सांध्यांत वर-खाली एकेक घट्ट ठिपका द्या. पाव पट्टी गुंडाळून न सोडता चिकटवली की ठिपका होतो. डोळ्यांना तीन पट्ट्या आणि दहा ठिपक्यांना तीन, अशा सहा पट्ट्यांत एक किनार होते.

चिकटवण्याआधी सगळे डोळे कोरडेच मांडून बघा. एखादा मिमीभर लांब आलाच तर टोकं पुन्हा चिमटू नका, त्यानं तो आणखी लांबतो. फुगीर कडेवर वरून-खालून नाही, टोकांकडून आत हलकं दाबा.

पोस्टानं पाठवणार असाल तर लिफाफ्यात वरून एक जाड पुठ्ठा घाला, नाहीतर शिक्का मारताना डोळे चेपतात.