नायट्रोजनची कंपन-एन्ट्रॉपी उणे कशी आली?

प्रश्न: "सर, मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. २९८.१५ केल्विन आणि १ बार दाबाला नायट्रोजनची एन्ट्रॉपी पार्टिशन फंक्शनवरून काढतो आहे. घूर्णन तापमान २.८८ आणि कंपन तापमान ३३७४ केल्विन घेतलं. स्थानांतरणाची १५०.४ आली, घूर्णनाची ४६.९ आणि कंपनाची चक्क उणे ४७.०. बेरीज १५०.३ होते, तक्त्यात १९१.६ आहे. कुठं चुकलं?"

उत्तर:

तुमचे स्थानांतरणाचे १५०.४ बरोबर आहेत (एकक सर्वत्र जूल प्रति केल्विन प्रति मोल). उरलेल्या दोन्ही आकड्यांत एकेक चूक आहे आणि त्या दोन चुका विरुद्ध दिशांना ओढतात. त्यामुळे तुमची बेरीज नेमकी स्थानांतरणाच्या आकड्याजवळ येऊन थांबली आणि घूर्णन व कंपन यांचा मिळून काहीच वाटा नाही, असा भास झाला. हा निव्वळ योगायोग आहे.

आधी उणे आकड्याकडे पाहू. एन्ट्रॉपी ही रेणूला उपलब्ध असलेल्या अवस्थांच्या संख्येच्या लॉगरिथमशी जोडलेली असते, आणि रेणू कितीही थंड झाला तरी कंपनाची निदान एक अवस्था, म्हणजे सर्वांत खालची, त्याच्याजवळ असतेच. म्हणून कंपन-एन्ट्रॉपी शून्यापर्यंत उतरू शकते, पण शून्याखाली कधीही जाऊ शकत नाही, आणि उणे चिन्ह दिसताच आकडेमोड तिथेच थांबवावी. तुमचे ४७.०४ हे मूल्य बरोबर Rθ/2T इतके भरते, म्हणजे ८.३१४ गुणिले ११.३२ भागिले २. यावरून चूक कुठे झाली ते स्पष्ट होते. पार्टिशन फंक्शन लिहिताना तुम्ही ऊर्जा विभव-वक्राच्या तळापासून मोजली, त्यामुळे शून्यबिंदू ऊर्जेचा e^(−θ/2T) हा गुणक त्यात आला. पुढे S = R ln q + U/T या सूत्रातली U मात्र तुम्ही Rθ/(e^x − 1) एवढीच घेतली, आणि ती सर्वांत खालच्या पातळीपासून मोजलेली असते (x म्हणजे θ/T). दोन पदांसाठी ऊर्जेचे शून्य दोन ठिकाणी धरले गेले. तळापासूनच मोजायचे असेल तर U मध्येही Rθ/2 मिळवा, म्हणजे दोन्ही पदांतला तो भाग एकमेकांना छेद देऊन निघून जाईल. शून्य कुठेही धरले तरी एन्ट्रॉपी बदलत नाही, फक्त ते दोन्हीकडे एकच असावे लागते. मग उरते ते असे:

S(vib) = R [ x/(e^x − 1) − ln(1 − e^(−x)) ]

नायट्रोजनसाठी x = ११.३२ आणि e^(−x) सुमारे ०.००००१२२ येतो. चार अंकी लॉग टेबल वापरले तर दुसरे पद सरळ शून्य दिसेल, म्हणून x एवढा मोठा असताना S = R(1 + x)e^(−x) हे सोपे रूप वापरलेले बरे. उत्तर ०.००१२ येते, म्हणजे व्यवहारात शून्य. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४७ अंशांवर जातो, तेव्हाही, म्हणजे ३२० केल्विनला, हे मूल्य दुप्पट होऊन जेमतेम ०.००२५ होते. पहिली उत्तेजित पातळी ३३७४ केल्विनच्या उंचीवर असल्यामुळे लाखात दोन-तीन रेणूच तिथे पोहोचतात.

आता घूर्णन. ४६.९ हा आकडा R[ln(T/θ) + 1] चा आहे, पण नायट्रोजनचे दोन्ही अणू सारखे असल्याने सूत्रात सिमेट्री नंबर σ = 2 हवा:

S(rot) = R [ ln(T/σθ) + 1 ]

T/σθ = ५१.७६, त्याचा नैसर्गिक लॉगरिथम ३.९४७ आणि S(rot) = ४१.१३. फरक R ln 2, म्हणजे ५.७६ इतका आहे. पुष्कळ विद्यार्थी "रेणू अर्धा फिरवला तरी तसाच दिसतो" एवढेच पाठ करतात. खरे कारण असे की केंद्रकांच्या स्पिनची कोणतीही एक अवस्था धरली, की J च्या एक तर सम किंवा विषम पातळ्याच रेणूला मोकळ्या राहतात. पातळ्या अगदी जवळजवळ असतील तर त्यांतल्या अर्ध्या गाळल्याने बेरीज अर्धी होते, आणि तोच हा २.

हे पडताळण्यासाठी कार्बन मोनॉक्साइड चांगला आहे. त्याचे वस्तुमान नायट्रोजनएवढेच, त्यामुळे स्थानांतरणाचा वाटाही जवळपास तोच, आणि कंपनाचा वाटा तिथेही नगण्य. घूर्णन तापमान २.७७ केल्विन, पण दोन टोके वेगळी असल्यामुळे σ = 1, म्हणून S(rot) = ४७.२. म्हणजे दोन्ही वायूंत ६.१ चा फरक अपेक्षित आहे. तक्त्यातली मूल्ये १९७.७ आणि १९१.६ आहेत.

दुरुस्त बेरीज १५०.४१ + ४१.१३ + ०.००, म्हणजे १९१.५४. तक्त्यात १९१.६१ असताना ०.०७ का कमी पडले, हे विचारणेही योग्यच आहे. २.८८ हे मूल्य बंधाच्या समतोल लांबीचे आहे. रेणू सर्वांत खालच्या पातळीतही कंप पावतो आणि त्याची सरासरी लांबी किंचित जास्त भरते, त्यामुळे २.८६ घेतले तर बेरीज १९१.५९ होते.

कंपनाचा वाटा प्रत्यक्ष दिसावा अशी इच्छा असेल, तर आयोडीनची वाफ घ्या. जड अणू आणि सैल बंध यांमुळे तिचे कंपन तापमान फक्त ३०८ केल्विन, म्हणजे खोलीच्या तापमानाएवढेच आहे. x = १.०३३ वर कंसातले पहिले पद ०.५७१ आणि दुसरे ०.४४० येते, म्हणून S(vib) = ८.४०. घूर्णन तापमान ०.०५३७ केल्विन असल्याने S(rot) = ७४.२३, आणि स्थानांतरणाचे १७७.९० धरून बेरीज २६०.५ होते, तर तक्ता २६०.७ सांगतो. इथेही घूर्णनाचा वाटा कंपनाच्या जवळपास नऊपट आहे, हे लक्षात घ्या. मात्र तापमान २९८ वरून ३२० केल्विनला नेले तर घूर्णनाचा वाटा ०.५९ ने आणि कंपनाचा ०.५४ ने वाढतो. एकूण वाटा लहान असला तरी वाढीच्या बाबतीत आयोडीनचे कंपन घूर्णनाच्या बरोबरीला आलेले असते.

घूर्णनाचे हे सूत्र बेरजेऐवजी संकलन घेऊन मिळते, म्हणून T हे θ च्या मानाने खूप मोठे असावे लागते. q मधली पहिली दुरुस्ती θ/3T एवढी असते, पण ती ln q मध्ये जितकी अधिक होते तितकीच U/T मध्ये उणे होते. त्यामुळे नायट्रोजनच्या एन्ट्रॉपीवर तिचा परिणाम जाणवतच नाही. हायड्रोजनला मात्र हे सूत्र लावू नका. त्याचे घूर्णन तापमान सुमारे ८७ केल्विन आहे, T/θ खोलीच्या तापमानालाही साडेतीनच्या आत राहते, आणि तिथे सम व विषम J च्या बेरजा वेगवेगळ्या, एकेक पद लिहूनच कराव्या लागतात.