शिल्लक महिन्यांत मोजून पाहा

प्रश्न: माझ्या बचत खात्यात घरखर्चाला २४ महिने पुरेल एवढी रक्कम पडून आहे. व्याज ३ टक्के मिळतं, महागाई ६ टक्क्यांच्या आसपास आहे आणि माझ्या उत्पन्नावर २० टक्के कर लागतो. भाऊ म्हणतो, पैसे सडतायत, सगळे काढ आणि शेअर बाजारात टाक. मला वाटतं, बँकेतली रक्कम वाढतेच आहे, मग नुकसान कसलं? दोन वर्षांनी मुलीच्या उच्च शिक्षणाची पहिली फी भरायची आहे. आजच्या हिशोबाने ती ८ महिन्यांच्या खर्चाएवढी होईल. काय करू?

उत्तर: रक्कम पैशांत न सांगता तुम्ही महिन्यांत सांगितलीत, त्यामुळे माझं अर्धं काम झालं. पासबुकातल्या आकड्यापेक्षा हे माप जास्त खरं आहे. फक्त ते दरवर्षी नव्याने लावायला हवं, आणि तिथेच चूक होते. रक्कम २४ महिने पुरेल हा हिशोब आपण एकदा करतो आणि तोच डोक्यात धरून बसतो. शिल्लक वाढताना दिसते, पण तिला ज्या खर्चाने भागायचं तो खर्चही वाढत असतो.

तुमचेच आकडे घेऊ. ३ टक्के व्याजातला पाचवा भाग करात जातो, म्हणजे हातात उरतात २.४ टक्के. आज १०० असलेली शिल्लक वर्षभराने १०२.४ होते. त्याच वर्षात १०० चा खर्च १०६ वर जातो. १०२.४ ला १०६ ने भागलं की येतं ०.९६६. म्हणजे वर्षाअखेरीस तुमचे पैसे आधीपेक्षा सुमारे ३.४ टक्के कमी वस्तू घेऊ शकतात. हेच दिवसांत मांडलं तर लक्षात ठेवायला सोपं जातं: बचत खात्यात ठेवलेल्या प्रत्येक महिन्याच्या खर्चामागे वर्षाला साधारण एक दिवस गळतो. २४ महिन्यांमागे २४-२५ दिवस.

पाच वर्षं असंच चाललं तर शिल्लक १२.६ टक्क्यांनी वाढलेली दिसेल. खर्च मात्र तोवर जवळजवळ ३४ टक्क्यांनी वाढलेला असेल. २४ महिन्यांची रक्कम २० महिने आणि काही दिवसच पुरेल. चार महिन्यांचा घरखर्च कुठे गेला, याची नोंद पासबुकात सापडणार नाही, कारण तिथे एकदाही पैसे वजा झालेले नसतात. तुमच्या ‘नुकसान कसलं?’ या प्रश्नाचं उत्तर हेच. ठेवींवर विमा असला तरी तो ठरलेल्या मर्यादेपर्यंत रक्कम परत मिळण्याचा असतो. त्या रकमेत काय काय येईल, याचा विमा कोणी उतरवत नाही.

कराचा भाग थोडा वेगळा पाहण्यासारखा आहे. कर लागतो तो व्याजाच्या आकड्यावर, महागाई वजा करून उरलेल्या लाभावर नाही. त्यामुळे खरा लाभ शून्याखाली असतानाही कर द्यावाच लागतो. समजा बँकेने उद्या महागाईएवढं, म्हणजे ६ टक्के व्याज द्यायला सुरुवात केली. करानंतर ते ४.८ टक्के राहील आणि गळती वर्षाला १ टक्क्याच्या थोडी वर सुरूच राहील. ‘व्याज महागाईएवढं झालं की आपण बरोबरीत’ हा समज म्हणून फसवा आहे.

आता बँक एवढं कमी व्याज का देते? बरेच जण धरून चालतात की व्याजदर ठरवताना महागाई भरून देण्याचा काहीतरी विचार असतो. तसा तो नसतो. बँकेपुढचा प्रश्न एवढाच की हे पैसे आपल्याकडे टिकवायला किमान किती द्यावं लागेल. बचत खात्यातले पैसे तुम्ही कधीही काढू शकता. ती मोकळीक आणि पैसे पाठवण्या-काढण्याच्या सोयी यांची किंमत बँक कमी व्याजाच्या रूपात वसूल करते. शिवाय कधीही जाऊ शकणारे हे पैसे प्रत्यक्षात जात नाहीत, हे बँकेला अनुभवाने पक्कं ठाऊक असतं. पगार तिथे जमा होतो, बिलं तिथूनच जातात, खातं बदलणं कटकटीचं. एक-दीड टक्क्यासाठी हलणारे लोक थोडेच. मग जे हलणारच नाहीत त्यांना जास्त द्यायचं कशाला?

म्हणून महागाई वाढली आणि मध्यवर्ती बँकेने दर चढवले तरी सगळे व्याजदर एकत्र हलत नाहीत. बदलत्या दराची कर्जं लवकर महागतात, मग मुदत ठेवींचे दर वर जातात आणि बचत खात्याची पाळी शेवटी येते, कधी कधी येतच नाही. अमेरिकेत मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात मध्यवर्ती बँकेने आपला दर जवळपास शून्यावरून ५.२५ ते ५.५० टक्क्यांच्या पट्ट्यात नेला. जून २०२२ मध्ये तिथली महागाई ९.१ टक्के होती. पण बचत खात्यांचा देशभरातला सरासरी दर त्या संपूर्ण काळात अर्ध्या टक्क्यापर्यंतही पोहोचला नाही. काही बँका ४ टक्क्यांच्या वर देत होत्या, तरी बहुतेकांचे पैसे होते तिथेच राहिले. त्या ठेवीदारांना हसायचा अधिकार मला नाही. एक व्यवहार आटोपल्यावर आलेली रक्कम मीही ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत दीड वर्ष बचत खात्यात ठेवली होती, आणि तेव्हाही माझं काम लोकांना पैशाचा सल्ला देण्याचंच होतं.

पण भावाचं ‘सगळे काढ’ मला मान्य नाही. गळती हे बचत खात्याचं भाडं आहे, आणि काही पैशांसाठी ते भाडं द्यायलाच हवं. नोकरी गेली किंवा दवाखाना लागला तर त्याच दिवशी पैसे हातात हवेत. सहा महिन्यांचा खर्च तिथे ठेवलात तर वर्षाला सहा दिवसांचा खर्च गळेल. एवढी शांत झोप त्या किमतीत महाग नाही. उरलेल्या अठरा महिन्यांसाठी दरवर्षी अठरा दिवस देताय, त्याच्या बदल्यात मात्र काहीच मिळत नाही, कारण त्यातला पैसा अचानक लागणाराच नाही.

त्या अठरांतून आधी मुलीची फी बाजूला काढा. इथे एक बारकावा आहे. आठ महिन्यांचा आकडा आजचा आहे आणि फी बहुधा घरखर्चापेक्षा वेगाने चढते. तिच्या कॉलेजची गेल्या काही वर्षांची फी काढून बघा. ती वर्षाला १० टक्क्यांनी वाढत असेल असं धरलं, तर दोन वर्षांनी ती तेव्हाच्या घरखर्चाच्या साडेआठ महिन्यांहून थोडी जास्त होईल. ही रक्कम मुदत ठेवीत घाला आणि मुदत फी भरण्याच्या महिनाभर आधी संपेल अशी निवडा. मात्र मुदत ठेवीने महागाईवर मात होते, असंही समजू नका. ५.५ टक्के दर मिळाला तर करानंतर ४.४ राहतात आणि वर्षाला दीड टक्का गळती उरतेच. गळती निम्म्याहून कमी होते, थांबत नाही. दोन्ही गोष्टी धरून मी आठऐवजी नऊ महिन्यांची रक्कम तिथे ठेवेन. शेअर बाजारात हे पैसे घालू नका. फी भरायची तारीख पुढे ढकलता येत नाही आणि बाजार कुणाची तारीख पाहून वर-खाली होत नाही.

राहिले नऊ महिने. यांना आज काही काम नाही, म्हणून सात-आठ वर्षं तरी हात लावणार नाही असं स्वतःला सांगता येत असेल, तरच भावाचा सल्ला या भागापुरता ऐका. एखाद-दुसऱ्या कंपनीच्या शेअरमध्ये नाही, निर्देशांकावर आधारलेल्या, कमी खर्चाच्या फंडात. मधल्या एखाद्या वर्षी हे नऊ महिने सहा महिन्यांवर आलेले दिसतील. तेव्हा घाबरून काढून घेणार असाल तर मुदत ठेव बरी. वर्षाला दीड टक्का गळणं तोट्यात विकण्यापेक्षा स्वस्त पडतं. एकदम गुंतवायची धास्ती वाटत असेल तर दर महिन्याला एका महिन्याच्या खर्चाएवढे असे नऊ हप्ते करा. तोवर थांबलेल्या पैशांची गळती एकूण तीन-साडेतीन दिवसांची होईल. ते धीर विकत घेण्याचे पैसे समजा.

एवढं केलंत की बचत खातं आणि मुदत ठेव मिळून वर्षाची गळती २४-२५ दिवसांवरून साधारण दहा दिवसांवर येते. फंडाचा भाग मी यात मुद्दाम धरलेला नाही. तो काय देईल हे आधी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

हे करण्याआधी दोन गोष्टी तपासा. ६ टक्के ही सरासरी महागाई आहे, तुमच्या घराची वेगळी असू शकते. दोन वर्षांपूर्वीच्या आणि आताच्या याच महिन्यातले खर्च शेजारी मांडा आणि तेव्हाही होते तेच खर्च ताडून पाहा. नवीन फोन किंवा वाढलेलं फिरणं यात धरू नका, ती महागाई नाही, ती हौस आहे. दुसरं, जास्त व्याजाची जाहिरात पाहून खातं बदलणार असाल तर तो दर कोणत्या रकमेवर लागू आहे ते विचारा. अनेक ठिकाणी तो ठराविक शिल्लकेच्या वरच्या भागालाच मिळतो किंवा पहिल्या काही महिन्यांपुरताच असतो.

आणि महागाई नेहमी पुढेच राहील असंही नाही. ती उतरून २ टक्क्यांवर आली आणि बँकेने ३ टक्के कायम ठेवले, तर करानंतरही तुमचे २.४ टक्के तिच्या पुढे जातील. अशा वर्षात सहा महिन्यांच्या रकमेत गळती होणार नाही. पण त्या दिलाशावर फार काळ बसू नका. महागाई उतरल्यावर मध्यवर्ती बँकेने दर कमी केले की खात्याचा दरही खाली येऊ शकतो. म्हणून दर तीन महिन्यांनी व्याज जमा झालं की त्याच दिवशी शिल्लकेला तुमच्या चालू महिन्याच्या खर्चाने भागा आणि येणारा आकडा पासबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा.