‘शेम शेम’ला जळजळ होते, म्हणजे नेमकं कुठे?

*ताई, मी मानेवाड्याला राहते. माझी मुलगी 6 वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात म्हणाली, “मम्मी, शेम शेमला जळजळ होऊन राहिली.” डॉक्टरांनी नेमकं कुठे ते विचारलं, तर तिला सांगता येईना आणि मलाही. डॉक्टर म्हणाले, पोरीला खरी नावं शिकवा. घरी सुरुवात केली तर सासूबाई भडकल्या, “लेकराले असे घाण शब्द काऊन शिकवून राहिली?” गल्लीतली पोरं याच अवयवांवरून शिव्या देतात. मग त्या शब्दांत आणि या शब्दांत फरक काय? – एक आई*

डॉक्टरांनी ‘नेमकं कुठे’ हे उगाच नाही विचारलं. तुमच्या लेकीच्या ‘शेम शेम’मध्ये तीन वेगवेगळ्या जागा येतात आणि प्रत्येक जागेचा इलाज वेगळा आहे.

लघवी करताना आतून जळजळ, सारखी घाई आणि सोबत ताप असेल, तर लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाल्याची शंका येते. अशा वेळी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचा नमुना तपासायला द्यावा लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्या आणि शाळेतलं बाथरूम नको म्हणून लघवी दाबून धरणाऱ्या मुलींना हा त्रास जास्त होतो.

आत काही नाही, पण लघवी बाहेरच्या कातडीला लागली की झोंबते, ती जागा लालसर दिसते, तर दुखणं योनीच्या बाहेरच्या भागाचं आहे. या वयात तिथली कातडी फार पातळ असते. साबणाचा फेस, ओली किंवा घट्ट चड्डी, शी धुताना मागून पुढे फिरलेला हात, एवढंही पुरतं. साबण बंद करून साध्या पाण्याने धुणं आणि सैल सुती चड्डी यांनी ते बहुधा बरं होतं. मात्र वास येणारा किंवा रक्ताचा स्राव दिसला, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

आणि खाज गुदद्वारापाशी असेल, तीही रात्री, तर कृमी शोधायचे. मादी कृमी रात्री अंडी घालायला बाहेर येते. पोरगी झोपल्यावर तासा-दोन तासांनी टॉर्चने पाहिलं, तर पांढऱ्या दोऱ्यासारख्या बारीक अळ्या दिसू शकतात. याचं औषध घरातल्या सगळ्यांना घ्यावं लागतं आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा.

म्हणून तिला तीन नावं पुरेत: लघवीची जागा, योनी, गुदद्वार. पुस्तकात बाहेरच्या भागाला योनिमुख म्हणतात, पण 6 वर्षांच्या मुलीला ‘योनी, बाहेरून’ एवढं सांगता आलं तरी डॉक्टरांचं काम होतं. मुलगा असता तर शिश्न आणि वृषण. ‘लिंग’ हा शब्द फॉर्मवर येतो, व्याकरणात येतो, देवळातही येतो, त्यामुळे लेकरू गोंधळतं. अंघोळ घालताना कोपर, गुडघा म्हणतो त्याच आवाजात ही नावं घ्या. वेगळा धडा नको.

शिवीचं विचारलंत. शिवीतला शब्द त्याच अवयवाचा असतो, पण तो समोरच्याला खाली पाडायला वापरतात. मुलांच्या कानावर आधी तोच पडला, तर दुखत असतानाही तो तोंडातून काढायची चोरी वाटते. गल्लीतली पोरं काय बोलतात त्यावर तुमचा ताबा नाही. तिने शिवी घरी आणली तर न ओरडता सांगा, “हे दुसऱ्याला दुखवायला म्हणतात, आपण नाही म्हणत. त्या जागेचं नाव हे आहे.”

लाडाच्या नावांवर माझा राग नाही. चिमणी, नुन्नी, सुसू घरोघरी चालतं. पण ‘शेम शेम’ मात्र आजच सोडा. त्या नावातच लाज भरलेली आहे, आणि लाजेच्या जागी कुणी हात लावला तर लेकरू गप्प बसतं. उद्या तिने शाळेत बाईंना “काकांनी चिमणीला हात लावला” सांगितलं, तर बाई खिडकीकडे बघतील. पोक्सो कायद्यात (2012) मुलाचा जबाब त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचा असतो. तिथे साधं, सगळ्यांना कळणारं नाव असलं, तर त्याचा अर्थ कुणाला लावत बसावं लागत नाही.

सासूबाईंशी मात्र कायद्यापासून सुरुवात करू नका. त्यांना कृमीचं सांगा. दुपारी पोरीला त्याच सांभाळत असतील, तर तिला शौचाहून आल्यावर पुढून मागे धुवायला त्याच शिकवतील, आणि “कुठे खाजवते माय?” हेही आधी त्याच विचारतील. शब्द तोंडात बसायला त्यांना वेळ लागेल. तोवर पोरीला एवढं सांगून ठेवा की ही नावं आई, बाबा, आजी, बाई आणि डॉक्टर यांच्याजवळ केव्हाही म्हणायची, आणि डॉक्टर ती जागा तपासतील तेव्हा मम्मी शेजारी असेल.